स्टेजकोच प्रश्न (टप्प्याटप्प्याचे डायनॅमिक प्रोग्रॅमिंग)

स्टेजकोच प्रश्न हे डायनॅमिक प्रोग्रॅमिंग शिकवताना वापरले जाणारे प्रसिद्ध उदाहरण आहे. ते हार्वे वॅग्नर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना रचले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एक माणूस नशीब काढायला मिसूरीहून कॅलिफोर्नियाला निघतो, वाटेत टप्प्याटप्प्याने घोडागाडी बदलतो आणि प्रत्येक टप्प्यावर कोणत्या गावाला जायचे हे ठरवतो. मूळ प्रश्नात रस्त्याचा ‘खर्च’ म्हणजे त्या टप्प्याच्या आयुर्विम्याचा हप्ता असतो, कारण हप्ता कमी तिथे धोका कमी. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणजे मोठा निर्णय टप्प्यांत तोडून सोडवण्याची पद्धत; ती गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांची, १९५० च्या दशकातली. नावातल्या ‘प्रोग्रॅमिंग’चा अर्थ नियोजन, संगणकासाठी कोड लिहिणे नव्हे.

पद्धत समजायला लहान जाळे पुरते. ‘अ’ हून ‘श’ ला जायचे आहे. मध्ये तीन मुक्काम: पहिला ‘ब’ किंवा ‘क’, दुसरा ‘ग’ किंवा ‘घ’, तिसरा ‘प’ किंवा ‘फ’. प्रवासाचे तास असे: अ–ब २, अ–क ५, ब–ग ९, ब–घ ७, क–ग ३, क–घ ४, ग–प २, ग–फ ७, घ–प ४, घ–फ ६, प–श ६, फ–श ३.

समोर दिसणारा सर्वांत जवळचा फाटा धरत गेलो तर अ–ब–घ–प–श असा रस्ता मिळतो आणि १९ तास लागतात. सुरुवातीचे दोन तास मोहात पाडतात, पण ‘ब’ पासून पुढचे रस्ते लांबचे आहेत, हे निघताना दिसत नाही.

म्हणून हिशेब शेवटाकडून मांडायचा. प्रत्येक गावी एकच प्रश्न: इथून ‘श’ ला पोहोचायला कमीत कमी किती तास उरलेत? ‘प’ वरून ६, ‘फ’ वरून ३. आता एक टप्पा मागे येऊ. ‘ग’ वरून ‘प’ मार्गे २+६=८, ‘फ’ मार्गे ७+३=१०; म्हणून ८ लिहायचे आणि शेजारी ‘प’ ही निवड नोंदवायची. ‘घ’ वरून ‘प’ मार्गे १०, ‘फ’ मार्गे ९. इथे जवळचे गाव ‘प’, पण निवड ‘फ’ ची. नवशिक्याची चूक नेमकी इथे होते: तो फक्त पुढच्या रस्त्याचे तास ताडून बघतो, पुढे उरलेले तास मिळवायचे विसरतो. याच रीतीने ‘ब’, ‘क’ आणि शेवटी ‘अ’ भरला की तक्ता पुरा होतो:

| गाव | उरलेले तास | पुढची निवड |
|---|---|---|
| प | ६ | श |
| फ | ३ | श |
| ग | ८ | प |
| घ | ९ | फ |
| ब | १६ | घ |
| क | ११ | ग |
| अ | १६ | क |

सूत्रात हेच असे लिहितात:

```
f(s) = min over x [ c(s,x) + f(x) ]
```

इथे `s` म्हणजे सध्याचे गाव (अवस्था), `x` म्हणजे पुढचे गाव, `c` म्हणजे मधल्या रस्त्याचा खर्च आणि `f` म्हणजे त्या गावाहून उरलेले कमीत कमी तास; ‘श’ ला ते शून्य.

तासांचा रकाना ‘१६’ एवढेच सांगतो. रस्ता मिळतो तो निवडीच्या रकान्यातून. तो आता पुढे वाचायचा: अ, क, ग, प, श. पडताळा घ्यावा: ५+३+२+६=१६. दोन निवडी बरोबरीत आल्या तर दोन्ही नोंदवाव्यात, नाहीतर तितकाच चांगला दुसरा रस्ता हरवतो. या रकान्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण असा की तो न निवडलेल्या गावांसाठीही उत्तर देतो. काही कारणाने गाडी ‘ब’ ला गेली, तर नव्याने काही मांडायची गरज नाही: तिथून ‘घ’, मग ‘फ’, उरलेले तास १६.

हे जमते कारण ‘ग’ पासून पुढचा उत्तम रस्ता आपण ‘ग’ ला कसे आलो यावर अवलंबून नाही. बेलमन यांनी याला इष्टतमतेचे तत्त्व म्हटले. ही अट मोडली की तक्ता चुकीचे उत्तर देतो, आणि बेरजा मात्र बिनचूक दिसतात. समजा, एकाच घोड्यांनी सलग दोन लांब टप्पे काढले तर वेळ वाढतो. मग ‘ग’ हे नाव पुरत नाही. घोडे ताजे की दमलेले हेही अवस्थेत घ्यावे लागते आणि ‘ग’ च्या दोन ओळी होतात. अशी एकेक बाब वाढली की ओळी गुणाकाराने फुगतात. यालाच बेलमन ‘मितींचा शाप’ म्हणत.

‘अ’ ते ‘श’ आठच मार्ग असलेल्या या उदाहरणात फायदा फारसा दिसत नाही. पण दहा-दहा गावांचे दहा टप्पे घेतले आणि प्रत्येक गावाहून पुढच्या टप्प्यातल्या सर्व गावांना रस्ता असला, तर असे मार्ग १००० कोटी होतात आणि मागून हिशेब करणाऱ्याला ९१० बेरजा पुरतात. रस्ते उलटे फिरून आधीच्या गावी येऊ लागले तर टप्पेच उरत नाहीत. तिथे, अंतरे ऋण नसतील तर, एड्सखर डायक्स्ट्रा यांची १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत वापरतात.