तीन थांब्यांच्या लिफ्टचं नियंत्रण : पार्श्वभूमी

नांदेड-लातूरकडच्या दवाखान्यांत तळमजला, पहिला, दुसरा अशी तीन थांब्यांची लिफ्ट सर्रास दिसते. बटण दाबून बोट काढलं तरी दिवा लागलेलाच राहतो. लिफ्ट चालवायला लिफ्टमन असायचा तेव्हा कुठल्या मजल्यावर जायचं हे त्याच्या ध्यानात असे. बटणाच्या सुरुवातीच्या लिफ्ट एका वेळी एकच हाक घेत आणि वाटेत कुणी बटण दाबलं तर ते वाया जाई.

उपाय रिलेने, म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढल्या जाणाऱ्या स्विचने दिला. बटण दाबलं की रिले ओढला जातो आणि बटणाला समांतर जोडलेला त्याचाच कॉन्टॅक्ट त्याला धरून ठेवतो. लिफ्ट त्या मजल्यावर थांबली की मालिकेत जोडलेला दुसरा कॉन्टॅक्ट उघडून पकड सोडवतो. पहिल्या मजल्यासाठी हेच सूत्रात:

```
R1 = (R1 OR B1) AND NOT C1
```

`R1` म्हणजे त्या मजल्याचा रिले, `B1` म्हणजे बटण, `C1` म्हणजे मागणी पुसण्याची खूण. रिलेच्या जोडण्या अशा बीजगणितात मांडता येतात हे क्लॉड शॅननने 1938 च्या निबंधात दाखवलं. `C1` कधी द्यायचा, ही मात्र नाजूक जागा. सेन्सर ओलांडताच दिला तर न थांबता गेलेल्या लिफ्टचीही मागणी पुसली जाते. म्हणून तो थांबून दार उघडल्यावरच द्यायचा.

स्वतःलाच धरून ठेवणाऱ्या या जोडणीने, म्हणजे लॅचने, मागणी जपली, पण दिशा? समजा, लिफ्ट दुसऱ्यावरून उतरून पहिल्यावर थांबली आहे. आत तळमजल्याला निघालेला पेशंट आहे, म्हणजे `R0` लागलेला. तेवढ्यात वर कुणीतरी `R2` लावला. ‘वरची मागणी आधी’ असा सरधोपट नियम असेल तर लिफ्ट पुन्हा वर जाते, आणि वरचे लोक बटण दाबतच राहिले तर पेशंट खाली पोचणारच नाही. म्हणून ‘चढताना पहिल्यावर’ आणि ‘उतरताना पहिल्यावर’ या दोन वेगळ्या अवस्था धराव्या लागतात. दुसऱ्या अवस्थेत आधी `R0` बघायचा, तो नसेल तरच `R2`. आधी काय घडलं ते अवस्थेत साठवायची ही रीत हफमन (1954), मीली (1955) आणि मूर (1956) यांनी शास्त्रशुद्ध मांडली. मागण्या मात्र अवस्थांमध्ये मिसळू नयेत, असं माझं मत. तीन मागण्यांच्या आठ जुळण्या होतात, आणि प्रत्येक अवस्थेला त्या जोडल्या तर आकृती कागदावर मावत नाही.

1969 च्या सुमारास पीएलसी, म्हणजे रिलेंच्या जागी यंत्रं चालवणारा छोटा संगणक आला, तरी शिडीसारख्या आकृतीत वरचं सूत्र जसंच्या तसं राहिलं. आपल्याकडे अशा नियंत्रणाचा कस भारनियमनात लागतो. वीज गेली की साधा रिले सुटतो आणि मागण्या जातात. त्या पुन्हा दाबता येतात. पण लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली असेल तर वीज आल्यावर कंट्रोलरला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. त्यासाठी आणखी एक अवस्था ठेवतात: सगळ्या मागण्या पुसून, दार बंद असल्याची खात्री करून तळमजल्याचा सेन्सर लागेपर्यंत हळू खाली यायचं, आणि मगच बटणं ऐकायची.