फ्रेझल व्हर्बची वाक्यं बदलताना ‘इट’ कुठे ठेवायचं?

पालक आणि विद्यार्थी मित्रहो,

‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ सोडवताना मुलं काळ बरोबर बदलतात, तरी गुण जातो. आमच्या वर्गातल्या वह्या तपासताना दिसतं, की घोळ बहुतेकदा ‘इट’ किंवा ‘देम’च्या जागेचा असतो.

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेतलं वाक्य घ्या: ‘द फार्मर स्विच्ड ऑफ द पंप.’ इथे ‘स्विच’ आणि ‘ऑफ’ मिळून एक क्रियापद होतं. कर्म नाम असेल तर ‘स्विच्ड द पंप ऑफ’ हेही चालतं. पण ‘द पंप’च्या जागी सर्वनाम आलं की ते मधेच बसतं: ‘द फार्मर स्विच्ड इट ऑफ.’ ‘स्विच्ड ऑफ इट’ चूक आहे. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी सहसा जोर येतो. ‘इट’ म्हणजे आधीच माहीत असलेली वस्तू, त्यावर जोर नसतो. म्हणून शेवटची जागा ‘ऑफ’ला मिळते.

आता काळ बदला. ‘स्विचेस इट ऑफ’, ‘इज स्विचिंग इट ऑफ’, ‘हॅज स्विच्ड इट ऑफ’, ‘विल स्विच इट ऑफ’. बदल फक्त ‘स्विच’मध्ये आणि त्याच्या आधीच्या सहाय्यक क्रियापदात होतो, ‘इट ऑफ’ला हात लावायचा नाही. नकारार्थी करताना ‘डिड नॉट’ आलं की मूळ रूप: ‘डिड नॉट स्विच इट ऑफ’.

पॅसिव्हमध्ये मात्र जपा. ‘इट’ वाक्याच्या सुरुवातीला जातं आणि ‘ऑफ’ क्रियापदाला चिकटून राहतं: ‘इट वॉज स्विच्ड ऑफ बाय द फार्मर.’ ‘ऑफ’ आणि ‘बाय’ शेजारी आलेले पाहून मुलं ‘ऑफ’ खोडतात. ते खोडलं तर पंप बंद झाल्याचा अर्थच जातो.

सगळीच क्रियापदं अशी सुटत नाहीत. ‘शी लुक्स आफ्टर द गोट्स’चं ‘शी लुक्स आफ्टर देम’ होतं, इथे ‘देम’ शेवटीच. नुसत्या दुसऱ्या शब्दावरून ओळखता येत नाही, कारण ‘थिंक इट ओव्हर’ बरोबर आणि ‘गेट ओव्हर इट’ही बरोबर, दोन्हीकडे ‘ओव्हर’च. त्यामुळे विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश उघडा. ‘समथिंग’ क्रियापदाच्या मधे छापलं असेल तर सर्वनामही मधे; फक्त शेवटी असेल तर शेवटी. आमच्या मते पाठांतराची यादीही अशीच लिहावी, ‘स्विच समथिंग ऑफ’, ‘लुक आफ्टर समवन’. नुसतं ‘स्विच ऑफ’ पाठ केलं की जागा कळत नाही.

घरी हे करून पाहा: ‘शी हॅज थ्रोन अवे द ड्राय लीव्हज.’ सर्वनाम वापरून साधा भूतकाळ करा. उत्तर: ‘शी थ्रू देम अवे.’ मुलानं ‘थ्रोन देम अवे’ लिहिलं तर अडचण क्रियापदाच्या रूपाची आहे. ‘थ्रू अवे देम’ लिहिलं तर जागेची.