विस्पंद आणि तंबोऱ्याची जोड

जवळजवळ सारख्या उंचीचे दोन स्वर एकाच वेळी वाजले की ते वेगळे ऐकू येत नाहीत. एकच स्वर ऐकू येतो आणि त्याचा आवाज ठरावीक गतीने वाढतो, कमी होतो, पुन्हा वाढतो. या चढउताराला विस्पंद किंवा ठोके म्हणतात. दोन्ही स्वरांच्या हवेतल्या लहरी काही क्षण एकमेकींना साथ देतात, मग त्यांच्यात अंतर पडते आणि त्या एकमेकींना मारतात, पुढे पुन्हा जुळतात. एका सेकंदात असे किती वेळा घडते ते दोन स्वरांच्या कंपनसंख्यांमधल्या फरकाइतके असते. एक तार सेकंदाला २०८ कंपने करीत असेल आणि दुसरी २०६, तर सेकंदाला दोन ठोके पडतात. तारा जुळत आल्या की ठोके संथ होतात आणि पूर्ण जुळल्यावर थांबतात. सेकंदाला सहा-सातच्या पुढे ठोके मोजता येत नाहीत. पंधरा-वीसच्या आसपास तर नुसता खरखरीतपणा उरतो.

कानाला दोन स्वर पाठोपाठ ऐकवून त्यांतला बारीक फरक ओळखायला सांगणे अवघड असते. तोच फरक एकत्र वाजवला की तो काळात उलगडतो आणि ज्याला संथ लय मोजता येते त्याला तो मोजता येतो. याच गुणावर जोसेफ सोव्हर या फ्रेंच अभ्यासकाने १७०० च्या सुमारास ऑर्गनच्या दोन नळ्यांचे ठोके मोजून त्यांच्या कंपनसंख्या काढल्या. नळ्यांचे गुणोत्तर २४:२५ आणि ठोके सेकंदाला चार, म्हणजे कंपने ९६ आणि १००.

आपल्याकडे या ज्ञानाचा रोजचा उपयोग तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांवर होतो. पंचम आणि खर्ज यांच्या मध्ये असलेली ही जोड एकाच षड्जावर लावतात. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तंबोऱ्यात, हार्मोनियम आजच्या प्रचलित मानाने (४४० च्या) लावलेली असेल तर, हा षड्ज सेकंदाला सुमारे २०७.६५ कंपनांचा असतो.

नाशिकच्या पिंपळपारावरच्या दिवाळीतल्या पाडवा पहाटेसारख्या उघड्यावरच्या मैफलीत जोड लावण्याची खरी परीक्षा होते. समजा, तंबोरा रात्री घरात २४ अंशांना नीट लावला आणि पहाटे पारावर १६ अंशांच्या हवेत आणला. पोलादी तार आठ अंश थंड होऊन आखडते, ताण वाढतो आणि लाकूड-भोपळा फारसा हलला नाही तर षड्ज सेकंदाला साधारण दोन कंपनांनी चढतो. हार्मोनियमची पितळी पत्तीही थंडीने किंचित चढते, पण ती वाढ कितीतरी कमी असते आणि पेटीच्या आत ती थंडही हळूहळू होते. जोडीच्या दोन्ही तारा सारख्या जाडीच्या असल्यामुळे त्या जवळपास बरोबरीने चढतात. म्हणूनच तंबोरा एकटा छेडला तर सुरेल वाटतो, आणि पेटीचा षड्ज धरला की सगळे डळमळू लागते. पाराखाली घाईत तंबोरा लावणाऱ्याला नेमके हेच चकवते.

मैफलीत पेटी लगेच बदलता येत नाही, तेव्हा तंबोऱ्यानेच पेटीकडे यायचे. पेटीचे बाकीचे स्टॉप बंद करून पत्त्यांची एकच रांग बोलती ठेवावी. दोन रांगा चालू असतील आणि त्या आपापसांत न जुळलेल्या असतील, तर त्यांचेच ठोके ऐकू येतात आणि आपण निष्पाप तारेला पिळत बसतो. भाता हलका आणि एकसारखा चालवावा. जोरात दाबला तर पत्तीचा स्वर थोडा उतरतो. शिवाय पेटीचा आवाज तारेच्या आवाजापेक्षा फार मोठा झाला तर चढउतार इतका उथळ होतो की ठोके लक्षातच येत नाहीत. दोन्ही आवाज साधारण बरोबरीचे असले की ठोका सर्वांत खोल पडतो.

आता जोडीची पहिली तार छेडावी. जोराने छेडलेली तार सुरुवातीला चढी असते आणि मग खाली येते, म्हणून हलकेच छेडून पहिला क्षण सोडून द्यावा. समजा पाच सेकंदांत नऊ ठोके मोजले, म्हणजे सेकंदाला १.८. तार २०९.४५ वर आहे किंवा २०५.८५ वर आहे, यांतले नेमके काय ते ठोके कधीच सांगत नाहीत. त्यासाठी घोडीच्या मागे, तारेत ओवलेल्या मण्याजवळ, तारेवर बोटाने किंचित दाब द्यावा. ताण वाढून स्वर चढतो. ठोके वेगाने पडू लागले तर तार आधीच चढी आहे, मंदावले तर उतरलेली. पहाटेच्या थंडीत बहुधा ते वाढतात.

तार चढी असली तरी खुंटी नुसती उतरवून नेमक्या जागी थांबू नये. थोडी जास्त उतरवावी आणि मग खालून वर आणावी. खालून आणलेली तार खुंटीवर आणि घोडीवर घट्ट बसते, वरून आणलेली छेडता छेडता आणखी सरकते. खुंटीने सेकंदाला एक ठोका, मग दोन सेकंदांत एक इतपत आले की खुंटी सोडून मण्याकडे वळावे. मणी घोडीपासून दूर, खाली सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे नेला की उतरतो.

पहिली तार पेटीशी जुळली की पेटी थांबवावी आणि दुसरी तार पहिलीशी जुळवावी. दुसरीही पेटीशीच लावायचा मोह होतो, पण दोन्हीकडे उरलेले छोटे फरक एकमेकांविरुद्ध पडले तर जोडीत त्यांची बेरीज होते.

इथे एक खास अडचण येते. दोन तारांत पाव कंपनाचा फरक उरला असेल तर मूळ स्वराचा एक ठोका चार सेकंदांनी पडेल आणि तोवर तार विरू लागते किंवा छेडण्याची पुढची पाळी येते. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीला चाटत कंपणाऱ्या तारेची झणकार, या वेळी मदतीला येते. तारेच्या मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वर निघत असतात आणि जवारीमुळे ते ठळक व लांब ऐकू येतात. फरकही तितक्याच पटीने वाढतो. पाव कंपनाचा फरक पाचपट कंपनांच्या स्वरात, म्हणजे तंबोऱ्यातल्या गंधारात, सव्वा कंपनाचा होतो आणि चार सेकंदांत पाच ठोके देतो. म्हणून अनुभवी कान जोड लावताना षड्जाकडे न पाहता वरच्या गंधाराकडे पाहतो. गंधार थरथरत असेल तर जोड जुळलेली नाही. मात्र हे ऐकण्याआधी दोन्ही तारांच्या जवारीचे दोरे सारखे बसलेले हवेत, नाहीतर एका तारेचे वरचे स्वर दबतात आणि त्यांचे ठोके दिसत नाहीत.

पेटीशी फक्त षड्ज जुळवावा, पंचम नाही. पेटीचा पंचम समान अंतरांच्या पट्टीतला असल्याने शुद्ध पंचमापेक्षा किंचित उतरलेला असतो. तंबोऱ्याची पंचमाची तार त्याच्याशी लावली तर ती जोडीशी सेकंदाला सुमारे ०.७, म्हणजे दहा सेकंदांत सात ठोके देत राहते. त्यापेक्षा पंचमाच्या तारेचा चौपट कंपनांचा स्वर आणि जोडीचा तिप्पट कंपनांचा स्वर यांचे ठोके थांबवावेत. ते दोन्ही मुळात एकच असायला हवेत.

बासरी सोबत असेल तर चित्र उलटे होते. हवा थंड झाली की बासरीचा स्वर उतरतो, दर अंशाला जवळपास ०.१७ टक्के. फुंकून नळी गरम केल्याशिवाय बासरीवाल्याशी षड्ज जुळवण्यात अर्थ नसतो. पाच-दहा मिनिटे वाजवू द्यावे आणि मग ठोके मोजावेत. सूर्य वर आला की तारा पुन्हा उतरू लागतात. म्हणून पहाटेच्या मैफलीत दोन रागांमधल्या फटीत पेटीचा षड्ज हलका धरून जोड पुन्हा तपासली जाते.