कोपऱ्यातलं प्रमाण कुठून आलं? बेळगावच्या नकाशांची पार्श्वभूमी

वर्गचाचणीत मी एक साधा प्रश्न घातला होता: सोबतच्या नकाशावरून बेळगाव ते खानापूर सरळ अंतर काढा. पट्टी लावून जवळजवळ सगळ्यांनी 3.3 सेंमी मोजलं, आणि ते मोजमाप बरोबर होतं. तरीही उत्तरांचे दोन गट पडले. काहींनी 16.5 किमी लिहिलं, काहींनी 23 ते 24. ज्यांनी 16.5 लिहिलं त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यात छापलेलं 1:5,00,000 हे अंकप्रमाण वापरलं होतं. 1 सेंमीला 5 किमी, म्हणून 3.3 गुणिले 5. त्यांच्या गणितात काही चूक नव्हती. चूक माझ्या कागदात होती. मूळ नकाशा ए-3 आकाराचा होता आणि मी तो झेरॉक्सच्या दुकानात ए-4 करून घेतला होता. नकाशा आक्रसला, पण कोपऱ्यातला आकडा जसा होता तसाच राहिला.

तेव्हापासून त्या आकड्याचा इतिहास मी वर्गात सांगत आलो आहे. आपल्या भागात तो समजून घेणं सोपंही आहे, कारण इथल्या मुलांच्या हाती तीन वेगवेगळ्या काळांतले नकाशे पडतात. वाटणीच्या कागदांत गावनकाशा असतो, शाळेच्या कपाटात जुनी इंची टोपोशीट, म्हणजे स्थलदर्शक नकाशा असतो आणि पुस्तकात मीटरमधला नवा नकाशा असतो.

सर्वांत जुनं प्रमाण गावनकाशाचं. मुंबई इलाख्यातली जमीन मोजणी 1830 च्या दशकात इंदापूर भागात सुरू झाली. विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी तिची पद्धत बसवली आणि नंतर ती दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे आपल्याकडे आली. मोजणीची साखळी 33 फुटांची होती. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एक एकर. नकाशा काढला तो 8 इंचाला 1 मैल या प्रमाणात, म्हणजे 1:7,920. हा आकडा विचित्र वाटतो, पण शेतकऱ्याच्या हिशेबात तो चपखल बसतो. त्या प्रमाणात नकाशावरचा 1 इंच म्हणजे जमिनीवर 660 फूट, बरोबर 20 साखळ्या. मग 1 चौरस इंच म्हणजे 20 गुणिले 20, अर्थात 400 गुंठे, म्हणजेच 10 एकर. पारदर्शक कागदावर चौकोन आखून तो नकाशावर ठेवला की एकर मोजता येत. हे प्रमाण क्षेत्रफळ झटपट निघावं म्हणून निवडलं होतं, हे एकदा कळलं की मुलं 7,920 विसरत नाहीत.

दुसरं प्रमाण टोपोशीटचं. विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं आणि त्या त्रिकोणांच्या जाळ्यावर पुढे देशाचे स्थलदर्शक नकाशे उभे राहिले. 1905 नंतर ते रंगीत छापायचं धोरण आलं. त्यांचं मुख्य प्रमाण होतं 1 इंचाला 1 मैल. मैलात 63,360 इंच, म्हणून अंकप्रमाण 1:63,360. एका शीटवर 15 मिनिटं अक्षांश आणि 15 मिनिटं रेखांश एवढा भाग मावतो. बेळगावच्या बाबतीत याची एक गंमत आहे. 74 अंश 30 मिनिटांची रेखावृत्तरेषा आपल्या शहरातूनच जाते आणि शीटची कड नेमकी तिथेच येते. हिंडलगा 48 आय/5 या शीटवर, तर किल्ला शेजारच्या 48 आय/9 वर. निपाणी आणि चिकोडी तर 16 अंश अक्षांशाच्या उत्तरेला, म्हणजे 47 क्रमांकाच्या मालिकेत. ‘नकाशावर शहराचा पूर्व भाग दिसत नाही’ असं एखादा मुलगा म्हणाला तर तो बरोबर असू शकतो. शीटच्या समासात शेजारच्या शीटांचे क्रमांक दिलेले असतात, ते आधी बघायला हवेत.

मग 1956 साल आलं. 1 नोव्हेंबरला राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याच वर्षी दशमान वजन-मापांचा कायदा झाला. सीमाभागातल्या जुन्या शीटवर म्हणून एकाच वेळी दोन गोष्टी जुन्या दिसतात: डोक्यावर छापलेलं राज्याचं नाव आणि तळाशी छापलेलं मैलाचं प्रमाण. भारतीय सर्वेक्षण विभागाने पुढे 1:50,000 हे प्रमाण घेतलं. आता 2 सेंमी म्हणजे 1 किमी. चौकटीचं प्रत्येक घर 2 सेंमीचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ 1 चौरस किमी, आणि हिशेब तोंडी होतो. शीटचा 15 मिनिटांचा आवाका मात्र तोच राहिला, आणि खरा सापळा इथेच आहे. जुनी आणि नवी शीट शेजारी ठेवली तर गावं तीच, रस्ते तेच, क्रमांकही तोच, फक्त नव्या शीटचा कागद थोडा मोठा. जुन्या शीटवर 4 इंच अंतर मोजलं तर ते 4 मैल, म्हणजे सुमारे 6.4 किमी. तेच सेंटिमीटरच्या पट्टीने मोजून 10.2 सेंमी आले आणि सवयीने दोनाने भागले, तर उत्तर येतं 5.1 किमी. खऱ्या अंतराचा पाचवा हिस्सा गायब होतो आणि उत्तर तरीही खरं वाटतं. म्हणून अशी चूक पटकन लक्षात येत नाही.

उंचीच्या बाबतीत ती लक्षात येते. जुन्या शीटवर उंची फुटांत असते आणि सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या समोच्च रेषा साधारणपणे 50 फुटांच्या अंतराने असतात. नव्या शीटवर 20 मीटरच्या. बेळगावजवळ 2,500 च्या आसपास आकडा दिसला आणि तो मीटर समजला, तर आपलं शहर कळसूबाईपेक्षाही उंच ठरतं, कारण कळसूबाई 1,646 मीटर आहे. एवढी एक तुलना मनात असली की फूट आणि मीटर यांची गल्लत लगेच पकडता येते. बेळगाव खरं तर 750 मीटरच्या आसपास आहे.

फुटांचा हा काळ पुस्तकांतही उरला आहे. मलप्रभेचा उगम कणकुंबीला 792.4 मीटर उंचीवर होतो, असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं. डोंगरातल्या झऱ्याची उंची दशांश चिन्हापर्यंत कुणी मोजली असेल असं मला वाटत नाही. 2,600 फुटांना 0.3048 ने गुणून बघा: 792.48 येतं. माझ्या मते कुणीतरी फुटांतला सोयीचा, गोल आकडा मीटरमध्ये बदलला आणि त्यातून ही खोटी अचूकता जन्माला आली. त्या आकड्याचा अर्थ ‘सुमारे 800 मीटर’ एवढाच घ्यावा.

नकाशावरच्या रंग-खुणांच्या सूचीचाही असाच काळ असतो. टोपोशीटवर निळा रंग पाण्याचा, तपकिरी समोच्च रेषांचा, हिरवा झाडीचा, पिवळा लागवडीचा, लाल रस्त्यांचा आणि वस्तीचा. मुलं हे पाठ करतात, पण मग ओढा काळ्या रेषेत दिसला की गोंधळतात आणि त्याला पायवाट म्हणतात. काळी रेषा म्हणजे कोरडा ओढा. सर्वेक्षण झालं त्या हंगामात तिथे पाणी नव्हतं. अथणीकडच्या शीटवर अशा रेषा भरपूर सापडतात. त्यातून तिथला पाऊस कमी आहे असं उत्तर काढता येतं, आणि परीक्षेत नेमकं तेच विचारलेलं असतं. दुसरी खूण आकड्यांची. विहिरीजवळ किंवा बंधाऱ्याशेजारी एक लहान आकडा आणि त्याला चिकटून इंग्रजी ‘आर’ हे अक्षर असतं. तो आकडा समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे, तर आजूबाजूच्या जमिनीपासूनची सापेक्ष उंची किंवा खोली असते. ‘5 आर’ वाचून गाव समुद्रसपाटीपासून 5 मीटरवर आहे असं लिहिणारी उत्तरपत्रिका मी पाहिली आहे. खानापूर तालुक्यातलं गाव होतं ते.

आता पुन्हा माझ्या झेरॉक्सकडे. नकाशावर प्रमाण तीन प्रकारे देतात: शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण. पहिली दोन मूळ आकाराच्या कागदाशी बांधलेली असतात. रेषाप्रमाण म्हणजे नकाशावरच आखलेली पट्टी, आणि ती नकाशाबरोबर लहान-मोठी होते. मूळ नकाशावर 10 किमीची रेषा 2 सेंमी होती. ए-3 चा ए-4 केला की प्रत्येक लांबी सुमारे 0.71 पट होते, म्हणून प्रतीवर ती रेषा 1.4 सेंमी उरली. 3.3 भागिले 1.4 गुणिले 10, म्हणजे 23.6 किमी. ज्यांनी रेषा मोजली त्यांचं उत्तर बरोबर आलं. अंतराऐवजी क्षेत्रफळ विचारलं असतं तर गोंधळ आणखी वाढला असता, कारण लांबी 0.71 पट झाली की क्षेत्रफळ अर्ध्यावर येतं.

कधी कधी प्रतीवर रेषाप्रमाण कापलं गेलेलं असतं. तेव्हाही एक मोजपट्टी शिल्लक राहते: नकाशाच्या कडेची अक्षांशाची खूण. अक्षांशाची 15 मिनिटं म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे 27.7 किमी. माझ्या प्रतीवर 15 अंश 45 मिनिटं आणि 16 अंश या खुणांत 3.9 सेंमी अंतर होतं. 3.3 भागिले 3.9 गुणिले 27.7, उत्तर 23.4 किमी. म्हणजे रेषाप्रमाणाच्या उत्तराशी ते जुळलं. ही पडताळणी रेखांशाच्या खुणांवर करू नये, कारण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात. आपल्या अक्षांशावर 15 मिनिटं रेखांश म्हणजे सुमारे 26.8 किमीच भरतं.

त्या चाचणीत मी दोन्ही गटांना पूर्ण गुण दिले. पुढच्या वेळेपासून प्रश्नपत्रिकेवर प्रत काढण्याआधी अंकप्रमाण खोडतो, रेषा आणि अक्षांशाच्या खुणा मात्र ठेवतो.