मेडिकलमधला संवाद : दोघांनी मोठ्यानं वाचण्यासाठी
(मराठी संभाषण वर्ग, मधली पायरी. वर्गाला नाव घातलेल्या सर्वांसाठी.)

भाजी घेताना मोडकंतोडकं मराठी चालून जातं. मेडिकलमध्ये काउंटरपलीकडचा माणूस चार प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं नीट द्यावी लागतात आणि तो जे सांगतो ते घरी जाऊन तसंच करावं लागतं. म्हणून या महिन्याच्या वाचनासाठी हा प्रसंग घेतला आहे. एकानं ग्राहक व्हावं, दुसऱ्यानं औषधविक्रेता. ग्राहक बाई आहे असं धरलंय. पुरुष वाचत असेल तर ‘गेलेच नाही’ऐवजी ‘गेलोच नाही’ आणि ‘येते हं’ऐवजी ‘येतो हं’ म्हणावं आणि काकांनी ‘ताई’ऐवजी ‘दादा’ म्हणावं.

आकडे मुद्दाम अंकांतच ठेवले आहेत. ते कसे वाचायचे हे संवादानंतर सांगितलंय, पण आधी स्वतः वाचून बघा.

ग्राहक : काका, तापाची गोळी द्या ना. 650ची.

औषधविक्रेता : कुणासाठी हवीय?

ग्राहक : माझ्यासाठीच. कालपासून कणकण आहे, अंग दुखतंय.

औषधविक्रेता : ताप मोजलात का?

ग्राहक : हो, दुपारी 101 होता. नाक गळतंय, घसाही खवखवतोय. म्हणून एक सर्दीची गोळी पण द्या. आणि मागे माझ्या भावाला ती तीन गोळ्यांची अँटिबायोटिकची स्ट्रिप दिली होती ना, तीही द्या.

औषधविक्रेता : चिठ्ठी आहे?

ग्राहक : नाही हो. डॉक्टरांकडे गेलेच नाही.

औषधविक्रेता : मग ती देता येणार नाही, ताई. ही बघा, स्ट्रिपवर उभी लाल रेघ आहे. लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. आणि साध्या सर्दीवर तिचा उपयोगही नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, ही गोळी जिवाणूंवर चालते.

ग्राहक : बरं, मग या दोनच द्या. तापाची आणि सर्दीची.

औषधविक्रेता : थांबा. दोन्ही बरोबर घेणार होतात का?

ग्राहक : हो. ताप वेगळा, सर्दी वेगळी.

औषधविक्रेता : सर्दीच्या गोळीच्या मागे काय लिहिलंय, वाचा बरं.

ग्राहक : फारच बारीक आहे... पॅरासिटामॉल, 500 मिलिग्रॅम. मग आणखी दोन नावं आहेत.

औषधविक्रेता : आणि तापाच्या गोळीवर?

ग्राहक : पॅरासिटामॉल, 650. अरेच्चा, दोन्हींत तेच!

औषधविक्रेता : तेच तर सांगतोय. एका वेळी 1150 पोटात जाणार. ताप उतरेना म्हणून चार वेळा घेतल्यात की झाले 4600. मोठ्या माणसानं चोवीस तासांत 4000च्या वर जायचं नाही.

ग्राहक : गेलं तर काय होतं?

औषधविक्रेता : लिव्हरवर येतं. आणि पटकन कळत नाही. पहिल्या दिवशी नुसती मळमळ होते, कधी तेवढीही नाही.

ग्राहक : मग मी काय घेऊ?

औषधविक्रेता : दोन्हींपैकी एकच. तुम्हाला ताप आणि सर्दी दोन्ही आहे, म्हणून ही सर्दीची घ्या. बीपीची गोळी चालू आहे का?

ग्राहक : मला नाही, आईला आहे.

औषधविक्रेता : मग उरलेली गोळी आईला देऊ नका. नाक मोकळं करणारं जे औषध हिच्यात आहे, त्यानं बीपी वाढू शकतं.

ग्राहक : कधी घ्यायची?

औषधविक्रेता : काहीतरी खाऊन, दिवसातून तीनदा. दोन गोळ्यांत निदान सहा तास जाऊ द्या. हिनं झोप येते, गाडी चालवू नका.

ग्राहक : सहाच गोळ्या द्या, पूर्ण स्ट्रिप नको.

औषधविक्रेता : कापून देतो. मुदतीची तारीख या टोकाला छापलेली असते. ते टोक माझ्याकडे राहील, तुमची तारीख आणि बॅच नंबर बिलावर येईल. बिल टाकून देऊ नका.

ग्राहक : ताप राहिलाच तर?

औषधविक्रेता : तीन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरांकडे जा. धाप लागली किंवा अंगावर पुरळ आलं तर तीन दिवसही थांबू नका.

ग्राहक : बरं. किती झाले?

औषधविक्रेता : अठ्ठावीस. दोन रुपये सुटे नाहीत, चालेल ना?

ग्राहक : पुढच्या वेळी द्या. येते हं.

आता वाचनाबद्दल. 650 म्हणजे ‘साडेसहाशे’, 1150 म्हणजे ‘साडेअकराशे’. ‘सहाशे पन्नास’ म्हटलं तरी चूक नाही, पण दुकानदार ‘साडे’ लावूनच बोलणार, तेव्हा कानाला सवय हवी. 4600ला ‘चार हजार सहाशे’ म्हणा. 101 साधं ‘एकशे एक’. ही फॅरनहाइटची डिग्री आहे. आपल्याकडे ताप बहुधा त्यातच सांगतात.

सगळ्यात जास्त अडतं ते ‘च’ आणि ‘झ’ पाशी, कारण लिहिताना अक्षर एक आणि बोलताना उच्चार दोन. ‘गोळीच्या’, ‘तापाची’, ‘चिठ्ठी’ यांतला च ‘चिमणी’तला. पण ‘एकच’, ‘सहाच’, ‘काहीच’ यांतला च दातांजवळचा, जवळजवळ ‘त्स’. इ, ई, ए किंवा य जोडून आला की बहुतेक वेळा पहिला उच्चार. म्हणूनच ‘माझी’मधला झ एक आणि ‘माझं’मधला दुसरा. ‘चार’ आणि ‘चहा’ मात्र या नियमात बसत नाहीत, ते पहिल्या उच्चारानंच म्हणायचे. ‘माझ्यासाठीच’ हा शब्द सावकाश म्हणून बघा, झ एका जागी आणि च दुसऱ्या जागी. हा जमला तर बाकी संवाद सोपा आहे.

‘दुखतंय’, ‘मोकळं’, ‘पुरळ आलं’ यांतला शेवटचा टिंब नाकातून म्हणू नका. तो फक्त अ लांबवा एवढंच सांगतो. हिंदीतून आलेले बरेच जण इथे नाकात बोलतात, आणि गोळीला ‘गोली’ म्हणतात. ळसाठी जीभ मागे वळवून टाळूला लावून सोडायची.

काकांचं वाचन करणाऱ्यानं ‘थांबा’ या शब्दानंतर खरोखर थांबावं. औषधविक्रेता हा शब्द ओरडून म्हणत नाही, गोळ्या हातात धरूनच म्हणतो. ‘अरेच्चा’ मात्र ग्राहकानं मोकळेपणी म्हणावं, वर्गात बरेच जण तो शब्द शब्दकोश वाचल्यासारखा म्हणतात आणि मजा जाते.

दुसऱ्या फेरीत भूमिका बदला आणि ताप चार वर्षांच्या मुलाला आलाय असं धरा. आता काकांचा पहिला प्रश्न ‘वजन किती?’ हा हवा, कारण मुलांचा डोस वजनावर ठरतो. दुसरा प्रश्न ‘घरात आधीची बाटली आहे का?’ पॅरासिटामॉलचं सिरप एकाच मापाचं नसतं: कुठल्या बाटलीत 5 मिलीमध्ये 125 मिलिग्रॅम, कुठल्यात 250. आईनं ‘मागच्यासारखंच पाच मिली देते’ असं म्हटलं की काकांनी लगेच तिला थांबवायचं, आणि स्वयंपाकघरातला चमचा न वापरता बाटलीबरोबर आलेल्या मापानंच द्यायला सांगायचं. हे संवाद तुम्ही लिहून आणा, पुढच्या तासाला वाचू. संवादातलं औषधाचं सांगणं मोठ्या माणसापुरतं आहे आणि भाषेच्या सरावासाठी आहे. प्रत्यक्ष दुखण्यात तुमच्या डॉक्टरांचं आणि औषधविक्रेत्याचंच ऐका.