स्क्रीन रेकॉर्डिंग आमच्याकडे आल्यावर त्याचं काय होतं?

सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे दाखवणारी रेकॉर्डिंग घेऊन नाशिक आणि आसपासची मंडळी आमच्याकडे येतात. "जरा झूम करा, बाण मोठा करा आणि मधले थांबे काढा" एवढीच बहुतेकांची मागणी असते. तीन्ही कामं वेगवेगळी वाटतात, पण तिघांचा संबंध एकाच गोष्टीशी आहे. बघणाऱ्याची नजर कर्सरवर असते, आणि ती एकदा सुटली की तो व्हिडिओ मागे घेतो किंवा सरळ तुम्हाला फोन लावतो. म्हणून कर्सर हरवू न देणं हेच आमचं खरं काम.

उदाहरण म्हणून एक रेकॉर्डिंग घेऊ. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला आडत्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका ग्राहकाने कांद्याची हिशोबपट्टी कशी करायची ते रेकॉर्ड करून आणलं होतं. लांबी ११ मिनिटं ४० सेकंद. बघणारे कोण, तर गाळ्यावरचे मुनीम, आणि तेही मोबाइलवर. २२ इंची मॉनिटरची रुंदी साधारण ४८ सेंटिमीटर असते. आडव्या धरलेल्या मोबाइलवर तेच चित्र १२ सेंटिमीटरच्या आसपास मावतं. म्हणजे मॉनिटरवरचं ३ मिलिमीटरचं अक्षर फोनवर पाऊण मिलिमीटरचं होतं. ग्राहकाने वजनाच्या रकान्यात १८.४० क्विंटल टाकलं होतं. फोनवर त्यातला टिंब दिसतच नव्हता. बघणाऱ्याला ते १८४० वाटलं असतं.

आधी कापाकापी, मग झूम

लोकांना वाटतं आधी झूम करून घ्यावं. आम्ही उलट करतो. झूम लावल्यावर मधला तुकडा काढला, तर पुढचे सगळे झूम सरकतात किंवा अर्ध्यात तुटतात आणि काम दोनदा होतं.

थांबे शोधायला सॉफ्टवेअर असतं: आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की तो भाग शांत धरून कापायचा. सुरुवातीला आम्हीही त्याच्यावर भिस्त ठेवली आणि एकदा चांगलेच फसलो. ग्राहक काही न बोलता Ctrl+S दाबून बिल जतन झाल्याचा संदेश येईपर्यंत थांबला होता. सॉफ्टवेअरला ती शांतता दिसली, आणि संदेशासकट सगळं कापलं गेलं. व्हिडिओ बघणाऱ्यांनी मग बिल जतनच केलं नाही. तेव्हापासून यंत्राने दाखवलेला प्रत्येक थांबा आम्ही डोळ्यांनी बघतो. आवाज नाही आणि पडद्यावरही काही हलत नाही, तोच रिकामा थांबा. बोलणं थांबलंय पण टाइप चाललंय, तो थांबा नव्हे. पंख्याची घरघर असली तर उलटं होतं: खरी शांतताही यंत्राला शांतता वाटत नाही.

कापताना वाक्याच्या शेवटी आणि पुढच्या वाक्याआधी मिळून अर्धा सेकंद तरी ठेवतो, नाहीतर माणूस धापा टाकत बोलतोय असं वाटतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कर्सर. थांबा सुरू होताना तो वरच्या मेनूवर आणि संपताना खालच्या बटणावर असेल, तर कापल्यावर एका फ्रेममध्ये तो पडदाभर उडी मारतो. अशा ठिकाणी आम्ही कट थोडा मागे-पुढे सरकवून कर्सर दोन्ही बाजूंना एकाच जागी असेल असा क्षण शोधतो. तो सापडला नाही, तर कर्सरचा प्रवास तसाच ठेवून फक्त त्याच्या आधीचा ठप्प भाग काढतो.

या रेकॉर्डिंगमध्ये रिकामे थांबे २ मिनिटं १० सेकंदांचे निघाले. चुकून वेगळ्याच शेतकऱ्याचं नाव निवडून परत मागे येणं, यात १ मिनिट २० सेकंद गेले होते, तेही काढले. अहवाल उघडायला ४५ सेकंद लागत होते. ते पूर्ण कापले असते तर अहवाल क्षणात उघडतो असं मुनिमाला वाटलं असतं आणि त्याने बटण चारदा दाबलं असतं. म्हणून तो भाग वेगवान करून ५ सेकंदांत बसवला आणि वर पाटी लावली, 'इथे पाऊण मिनिट लागतं'. उरले ७ मिनिटं ३० सेकंद.

झूम किती, कुठे

साडेसात मिनिटांत आम्ही फक्त सहा झूम लावले. दर क्लिकला पुढे-मागे करणारा व्हिडिओ बघताना डोकं गरगरतं. वजन, भाव, हमाली, तोलाई हे रकाने एकाखाली एक होते, म्हणून त्या सगळ्या चौकटीवर एकदाच झूम केलं आणि चारही भरून होईपर्यंत तिथेच थांबलो. झूम कर्सर पोहोचण्याआधी सुरू होतं, साधारण पाऊण सेकंदात सावकाश आत जातं, आणि क्लिक होताना चित्र स्थिर असतं. दुसऱ्या कोपऱ्यात नवी खिडकी उघडणार असेल तर त्याआधी बाहेर यावं लागतं, नाहीतर ती चौकटीबाहेरच उघडते.

मर्यादाही सांगतो. १९२० × १०८० चं रेकॉर्डिंग दुप्पट झूम केलं की मूळ चित्रातले ९६० × ५४० ठिपकेच ताणून पूर्ण पडदा भरला जातो, आणि बारीक अक्षरं लोण्यासारखी पसरतात. दीडपटीपर्यंत बहुधा निभावतं. यावर उपाय आमच्याकडे नाही, तुमच्याकडे आहे: रेकॉर्डिंगआधी विंडोजच्या Display सेटिंगमध्ये Scale १५०% करा. अक्षरं मुळातच मोठी आणि रेखीव येतात, मग आम्हाला थोडंच झूम पुरतं.

कर्सर उठून दिसण्यासाठी

OBS Studio सारख्या प्रोग्राममध्ये कर्सर चित्रातच भाजला जातो. नंतर तो सुटा करून मोठा करता येत नाही. त्याच्यामागे पिवळं वर्तुळ फिरवता येतं, पण तेही फ्रेम बघत हाताने, म्हणून त्याला वेळ लागतो. Camtasia कर्सरची नोंद वेगळी ठेवतं, त्यात नंतरही आकार बदलता येतो. मात्र त्याची मूळ फाइल आणा, तयार MP4 नको.

फुकटातला मार्ग म्हणजे मायक्रोसॉफ्टचं PowerToys. त्यातलं Mouse Highlighter Win+Shift+H ने सुरू होतं आणि डाव्या क्लिकला पिवळा, उजव्या क्लिकला निळा ठिपका दाखवतं. OBS मध्ये मात्र Display Capture घ्या. Window Capture घेतलंत तर ठिपके रेकॉर्डच होत नाहीत, कारण ते तुमच्या खिडकीत नसून तिच्यावरच्या थरात असतात. यात हमखास गफलत होते, म्हणून आधी दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून बघा. आणि बोलताना माउस गोल-गोल फिरवू नका. ज्या बटणावर जायचं तिथे जाऊन थांबा, मग बोला.

आणताना

फाइल पेनड्राइव्हवर आणा. व्हॉट्सॲपने पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि झूम करायला काही उरत नाही. शेतकऱ्यांची खरी नावं, मोबाइल नंबर पडद्यावर असतील तर मिनिट-सेकंदासह कागदावर लिहून द्या. झूम केल्यावर तेही मोठे दिसतात, आणि कुठला नंबर खरा नि कुठला नमुन्याचा हे आम्हाला बघून कळत नाही.