सावलीतला कागद, उजेडातली पेन्सिल

नागपूरच्या नंदनवन किंवा महाल भागातल्या एखाद्या छोट्या शिकवणीत सराव परीक्षा झाली की सरांपुढे गोल रंगवून उत्तरं दिलेल्या ओएमआर शीटचा गठ्ठा पडतो. स्कॅनर नसतो, मोबाइल असतो. फोटो काढायचा आणि कोणता गोल काळा आहे ते संगणकानं ओळखायचं, एवढंच काम. पण ‘काळा’ म्हणजे किती काळा, इथंच गाडी अडते.

फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ मधला एक आकडा असतो. ० म्हणजे ठार काळा, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. समजा, खिडकीकडच्या बाजूला कोरा कागद २२० भरला आणि पेन्सिलीनं रंगवलेला गोल १२०. दुसऱ्या बाजूला फोन धरलेल्या हाताची सावली पडली आहे. तिथं कोरा कागदच ११० भरतो. म्हणजे सावलीतला कोरा कागद उजेडातल्या पेन्सिलीपेक्षा काळा! ‘१३० च्या खाली तो रंगवलेला’ असा सरसकट नियम लावला, तर सावलीतले सगळेच गोल रंगवलेले ठरतील. आपल्याला हे जाणवत नाही, कारण डोळा सावली परस्पर वजा करतो.

संगणकाला ती वजाबाकी शिकवावी लागते. प्रत्येक गोलाची तुलना त्याच्याच शेजारच्या कोऱ्या कागदाशी करायची. उजेडात २२० पैकी १२०, सावलीत ११० पैकी ६०. दोन्हीकडे उजळपणा सुमारे ५५ टक्के, म्हणजे काळेपणा ४५ टक्के. सावली गळून पडली. हा काळेपणा गोलाच्या फक्त आतल्या भागाचा मोजायचा, नाहीतर छापील कडाही त्यात येते. आत छापलेल्या अक्षराची शाई तरीही राहतेच, म्हणून रिकामा गोल कधी शून्य भरत नाही.

आता एका शीटवरचे तीन प्रश्न बघू. प्रश्न ३७ मध्ये चार गोलांचा काळेपणा टक्क्यांत ८, १०, २३ आणि ४४. तिसरा खोडलेला दिसतो, चौथा स्पष्ट आहे, उत्तर चौथं. प्रश्न ४१ मध्ये ९, ३१, ८, ३६. इथं दोन दावेदार आहेत आणि त्यांच्यात पाचाचंच अंतर, तेव्हा खूण करून सरांकडे. प्रश्न १२ मध्ये ९, १९, ८, ९. मुलानं पेन्सिल नुसती टेकवली की पुसून टाकलं? ‘सोडवला नाही’ म्हणून गुण नाकारणं घाईचं होईल, हाही सरांकडे. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला दोन कसोट्या: सर्वांत काळा गोल पुरेसा काळा आहे का, आणि दुसऱ्यापेक्षा बराच पुढे आहे का. ‘नीट’ परीक्षेच्या पद्धतीनं गुण द्यायचे असतील, तर बरोबर उत्तर चुकीचं वाचलं गेलं की ४ जातात आणि वर १ कापला जातो, म्हणजे ५ गुणांचा फटका. त्यापेक्षा सरांनी क्षणभर नजर टाकणं परवडतं.

‘पुरेसा काळा’ ठरवायला मात्र सगळ्या मुलांना एकच पट्टी लावू नये. कुणी दाबून रंगवतो, कुणी हलक्या हातानं. ५० प्रश्नांच्या शीटवर २०० गोल असतात. त्यांचे आकडे मांडले की दोन ढीग दिसतात, रिकाम्यांचा मोठा आणि रंगवलेल्यांचा लहान. मधल्या दरीत सीमा आखायची. अशी सीमा काढायची नोबुयुकी ओत्सू यांची १९७९ ची रीत आजही सर्रास वापरतात. तिची खोड अशी, की ढीग एकच असला तरी ती त्याचे दोन भाग करतेच. जवळजवळ कोरी शीट आली की ती अक्षरांच्या शाईलाच उत्तर समजेल, म्हणून किमान काळेपणाची एक अट वेगळी ठेवावी लागते.

या सगळ्याआधी फोटो सरळ करायचा असतो. चार कोपऱ्यांतले काळे चौकोन शोधून तिरपं चित्र आयतात बसवतात. हे गणित कागद सपाट आहे असं धरून चालतं. नागपूरच्या मे महिन्यात कुलरच्या दमट हवेनं कागद फुगतो, कडा वळतात. चारही कोपरे अचूक जुळतात आणि मधल्या ओळी अर्धा गोल सरकलेल्या निघतात. मग अर्धा रंगवलेला गोल आणि अर्धा कोरा कागद मिळून मधलेच आकडे येतात. ओळखायची खूण सोपी आहे: संशयित प्रश्न विखुरलेले असतील तर गडबड मुलाची, लागोपाठच्या आठ-दहा ओळी संशयित निघाल्या तर गडबड फोटोची. तिथं एकेक प्रश्न तपासत बसू नये. कागद पुठ्ठ्यावर दाबून फोटो पुन्हा घ्यावा. फ्लॅश बंदच बरा, कारण पेन्सिलीचं शिसं चमकतं आणि गडद रंगवलेला गोल उलट फिका दिसतो.

संशयित न ठरलेल्या शीटपैकीही काही हातानं तपासाव्यात. यंत्र बिनधास्त चुकलं असेल, तर ते फक्त तिथंच सापडतं.